आयँबिक पेंटामीटर मोडतो तेव्हा: सवलत कोणती आणि खूण कोणती

प्रश्न: एम. ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. शेक्सपिअरच्या ओळींवर आघाताच्या खुणा करायला बसले की प्रत्येक दुसऱ्या ओळीत वृत्त मोडलेलं दिसतं. सर म्हणतात, जिथे मोडतं तिथे अर्थ असतो. मग काय, प्रत्येक ठिकाणी अर्थ काढत बसायचं का? आणि मुळात खुणा नीट कशा करायच्या?

उत्तर:

प्रत्येक ठिकाणी नाही. तुम्हाला मोडलेलं वाटतंय त्यातलं निम्मंअधिक मोडलेलंच नसणार. त्यातला काही भाग आपल्या मराठी कानाचा घोटाळा असतो, काही चारशे वर्षांपूर्वीच्या उच्चाराचा, आणि काही ठिकाणी कवीने सगळेच कवी घेतात ती सवलत घेतलेली असते. हे बाजूला काढलं की एका सॉनेटमध्ये खऱ्या अर्थाने थांबायला लावणाऱ्या जागा दोन-तीन उरतात. त्या कशा ओळखायच्या ते एकाच कवितेवर दाखवते, म्हणजे गोष्ट हवेत राहणार नाही. कविता शेक्सपिअरची, १६०९ साली छापलेल्या सॉनेटांतली बारावी. घड्याळाचे ठोके मोजणारा माणूस सगळं कोमेजताना पाहतो आणि 'तुझंही असंच होणार' म्हणतो, एवढाच विषय. शेजारी मूळ इंग्रजी छापील प्रत उघडून ठेवा.

आधी साचा. आपल्याकडे लगावली शिकलेल्याला तो एका वाक्यात सांगता येतो: लगा लगा लगा लगा लगा. शिवतांडव स्तोत्राचं 'जटाटवीगलज्जलप्रवाहपावितस्थले' म्हणून पाहा. पंचचामर म्हणजे लगा आठ वेळा. त्यातले पाच ठेवले की पेंटामीटरचा सांगाडा हाती येतो. दोन सिलॅबलचा एक फूट, असे पाच फूट, दहा सिलॅबल. पण सारखेपणा इथेच संपतो, आणि आपली मुलं नेमकी इथेच फसतात. आपला गुरू म्हणजे लांबी. इंग्रजीतला आघात म्हणजे जोर. 'सिटी' किंवा 'बिझी' हे शब्द देवनागरीत लिहिले की पहिलं अक्षर ऱ्हस्व, दुसरं दीर्घ, म्हणजे मराठी डोळ्याला सरळ लगा. इंग्रजी कानाला मात्र जोर पहिल्यावर आहे, म्हणजे उलट. ऱ्हस्व-दीर्घ पाहून खुणा करणाऱ्याला प्रत्येक ओळ मोडलेलीच दिसणार.

त्यातून आपण इंग्रजी बोलतो ते सगळ्या सिलॅबलना साधारण सारखा वेळ देत बोलतो. त्यात चूक काही नाही, पण स्कॅन्शनला तो कान पुरत नाही. मी स्वतः मराठी माध्यमातून आले आणि पहिली दोन वर्षं शब्दकोश मांडीवर घेऊनच खुणा केल्या. दोन किंवा जास्त सिलॅबलच्या प्रत्येक शब्दाचा आघात शब्दकोशात पाहायचा. जोराच्या सिलॅबलच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. एका सिलॅबलच्या शब्दांसाठी ढोबळ नियम पुरतो: नाम, मुख्य क्रियापद, विशेषण यांना जोर, 'द', 'ऑफ', 'अँड', 'टु' यांना नाही, सर्वनामं आणि सहायक क्रियापदं मधली, ओढाल तिकडे जाणारी. हे सगळं फुटांच्या रेघा मारण्यापूर्वी करायचं. रेघा आधी मारल्या की साचा शब्दांवर लादला जातो आणि मोडलेली जागा दिसतच नाही.

आता पहिली ओळ. उभ्या रेघा फुटांच्या सीमा दाखवतात.

व्हेन आय | डू काउंट | द क्लॉक | दॅट टेल्स | द टाइम

'काउंट' आणि 'टाइम' देवनागरीत लांबट दिसले तरी इंग्रजीत प्रत्येकी एकच सिलॅबल आहे. अक्षरं मोजू नका, स्वराचे ठोके मोजा. दहा भरतात, आणि पाचही फूट साच्यात बसतात. अगदी काटेकोर पाहिलं तर 'व्हेन आय' मध्ये दोघांतही फारसा जोर नाही, 'आय' ला किंचित जास्त, पण फुटातल्या शेजाऱ्यापेक्षा किंचित जास्त एवढंच लागतं. ही गोष्ट डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर स्पष्ट मांडली: फुटातला आघात सापेक्ष असतो. सगळ्या ओळीत कोण किती जड हे पाहायचं नाही, जोडीतल्या दोघांत कोण जड एवढंच पाहायचं. हे लक्षात ठेवलंत तर तुमच्या 'मोडलेल्या' ओळींतल्या बऱ्याचशा आपोआप दुरुस्त होतील.

त्या ओळीतला 'डू' पाहिलात? आजच्या इंग्रजीत तो 'मी खरंच मोजतो' असा ठासून सांगणारा वाटेल. त्या काळी तो साधा, बिनजोराचा होता. तो एक सिलॅबल भरतो आणि 'काउंट', 'क्लॉक', 'टेल्स', 'टाइम' या चारही शब्दांना बरोबर ठोक्यावर आणून बसवतो. घड्याळ मोजतोय आणि ओळही घड्याळासारखी चालते. इतकी निर्दोष ओळ कवितेच्या आरंभी ठेवण्यामागे हिशेब आहे: साचा कानात बसल्याशिवाय पुढचा भंग ऐकूच येत नाही. मोडायचं असेल तर आधी घडवावं लागतं.

दुसरी ओळ.

अँड सी | द ब्रेव्ह | डे संक | इन हिड | यस नाइट

इथे दोन गोष्टी आहेत. 'हिडिअस' शब्दाचे तीन सिलॅबल मोजले तर ओळ अकराची होते. पण मधले दोन स्वर जवळजवळ आहेत, ते एकात मिसळून 'हिड-यस' असं म्हटलं की दहा. याला स्वर गाळणं म्हणतात आणि ते त्या काळच्या कवितेत पावलोपावली आहे. 'हेव्हन' एकच सिलॅबल होतो, 'ओव्हर' चा छापीलच 'ओअर' होतो. उलट '-एड' हा प्रत्यय कधीकधी पूर्ण वेगळा सिलॅबल म्हणून उच्चारावा लागतो. काही शब्दांचे आघातच तेव्हा दुसरीकडे होते; 'ॲस्पेक्ट' आज पहिल्यावर, शेक्सपिअरच्या वेळी दुसऱ्यावर. म्हणून सिलॅबल दहापेक्षा एखाद्याने कमी-जास्त आले की अर्थ शोधायला पळू नका, आधी उच्चार तपासा. यातलं काहीही खूण नसतं.

दुसरी गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. 'ब्रेव्ह', 'डे', 'संक' हे तीन जड शब्द लागोपाठ आलेत. 'डे' हलक्या जागी आहे, तरी तो नाम आहे, हलका होत नाही. तिसरा फूट मोडला का? माझ्या मते नाही. 'संक' 'डे' पेक्षा जड आहे, म्हणजे चढण शिल्लक आहे. परीक्षेत कोणी 'स्पाँडी' लिहिलं तर मी गुण कापत नाही, पण इंग्रजीत दोन अगदी समान जोर शेजारी क्वचितच येतात, म्हणून मी स्वतः तो शब्द जपून वापरते. जे होतं ते असं: साचा टिकतो आणि चाल मंदावते. पहिली ओळ टिकटिकत गेली, दुसरीत दिवस बुडताना जीभ तीन वेळा अडते. सांगायला हरकत नाही, पण आवाज चढवू नका. ही कुजबुज आहे.

तिसऱ्या ओळीत नेमकं उलटं.

व्हेन आय | बिहोल्ड | द व्हाय | ओलेट | पास्ट प्राइम

'व्हायलेट' इथे तीन सिलॅबलचा धरावा लागतो, नाहीतर ओळ नऊची राहते. म्हणजे मागच्या ओळीत 'हिडिअस' आकसला आणि या ओळीत 'व्हायलेट' पसरला. कुठे काय करायचं हे कसं कळलं? दहाच्या हिशेबावरून. वृत्त उच्चार सांगतं, आणि तेच पक्कं झाल्यावर भंग दाखवतं. चौथ्या फुटात 'लेट' ला खरा जोर नाही, जोराच्या जागी बसल्यामुळे तो किंचित वर उचलला जातो. ही पण सवलतच. पेंटामीटरच्या बहुतेक ओळींत पाचही आघात सारखे जड नसतात. चार किंवा तीन खरे, बाकीचे उचललेले. विद्यार्थी पाचही ठिकाणी टेबल बडवून वाचतात, म्हणून ते वाचन मिरवणुकीतल्या ताशासारखं ऐकू येतं.

आता पाचवी ओळ. माझ्यासाठी कवितेतली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच.

व्हेन लॉफ | टी ट्रीज | आय सी | बॅरन | ऑफ लीव्ह्ज

उंच झाडं मी पाहतो, पानांवाचून ओकीबोकी. चौथा फूट उलटा आहे. 'बॅरन' चा आघात पहिल्या सिलॅबलवर, शब्दकोशात काहीही करा तो हलत नाही. साच्याला हवा होता दुसऱ्यावर. वर्गात ही ओळ वाचायला दिली की दरवर्षी कोणीतरी 'बॅ-रन' असं वाचतं. ते विद्यार्थी चुकतात, पण त्यांची चूक मला आवडते. साच्याचा दाब कानाला जाणवल्याशिवाय ती होत नाही. तीन फूट लगा लगा लगा आले, चौथ्यातही शरीर तेच मागतं, आणि शब्द नकार देतो.

पण उलटे फूट तर जागोजागी असतात, मग यालाच एवढं महत्त्व का? कारण जागा. याच कवितेतली आठवी ओळ शेजारी ठेवा.

बोर्न ऑन | द बिअर | विथ व्हाइट | अँड ब्रिस्ट | ली बिअर्ड

तिरडीवर वाहून नेलेलं पीक, पांढरी खरखरीत दाढी असलेलं. इथेही पहिला फूट उलटा. तरी कानाला धक्का बसत नाही. ओळीच्या आरंभी मागची ओळ संपल्याची उसंत मिळालेली असते, नव्या ओळीचा ठेका अजून सुरू व्हायचा असतो. उलटा फूट आला की 'जोर-हलका-हलका-जोर' अशी एक उडी होते आणि दुसऱ्या फुटापासून गाडी रुळावर. सगळे कवी हे करतात, सतत करतात. ओळीच्या मध्ये यती असेल, स्वल्पविराम किंवा पूर्णविराम असेल, तर त्याच्या लगेच पुढेही हेच चालतं, कारण तिथेही उसंत आहे. म्हणून पहिल्या फुटातल्या उलथ्यावरून 'कवीच्या मनातली खळबळ' वगैरे लिहिणारी उत्तरपत्रिका आली की मी समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढते. आठव्या ओळीत तो उलथा वाया गेलाय असं नाही. 'बोर्न', 'बिअर', 'बिअर्ड' या 'ब' च्या ठोक्यांना सुरुवात तो करून देतो. पण ती खूण ब-कारांची आहे, उलथ्याने फक्त हात लावलाय.

'सी बॅरन' ला अशी उसंत नाही. 'सी' जोराच्या जागी, 'बॅ' ही जोराचा, दोन जोर एकमेकांवर आदळतात आणि मध्ये विरामचिन्ह नाही. वाचणाऱ्याला दोन्ही जोर द्यायचे तर 'सी' नंतर क्षणभर थांबावंच लागतं. छापलेला नसलेला विराम वृत्त तयार करतं. झाड पाहिलं, थांबलो, मग 'ओकंबोकं' हा शब्द आला. त्यापुढे 'रन ऑफ' असे दोन हलके सिलॅबल, आणि ओळ 'लीव्ह्ज' वर येऊन कशीबशी सावरते.

हा योगायोग नाही असं मी कशावरून म्हणते? लगेच पुढची ओळ वाचा: ही झाडं पूर्वी उन्हात गुरांना छत्र धरायची. त्या ओळीत काहीही मोडलेलं नाही, लगा लगा शेवटपर्यंत, 'कॅनपी' चा शेवटचा सिलॅबल थोडा उचलावा लागतो एवढंच. भरलेलं झाड आठवताना ओळ भरलेली, उघडं झाड दिसताना ओळ अडलेली. भंग एकटा असेल तर संशय घ्यावा; शेजारच्या ओळीने उलट साक्ष दिली तर धीटपणे लिहावं.

यातून जागांची एक उतरंड मिळते, ती पाठ करण्याइतकी सोपी आहे. पहिल्या फुटातला उलथा सगळ्यात स्वस्त. यतीनंतरचा, मग तो तिसऱ्यातला असो वा चौथ्यातला, तोही जवळपास तितकाच स्वस्त. विरामाशिवाय मध्येच आलेला महाग. दुसऱ्या फुटातला आणखी महाग, कारण ठेका नुकता धरत असतानाच तो पाय ओढतो. आणि पाचव्यातला सगळ्यात महाग, कारण शेवटच्या फुटावर कान विसंबून असतो. महाग जागी कवीने खर्च केलाय तर काहीतरी विकत घेतलंय असं समजून शोधायचं. तरी शोधून सापडलं नाही तर 'इथे उलथा आहे' एवढंच लिहून पुढे जायचं. तेही उत्तर प्रामाणिक असतं.

आणि विकत काय घेतलंय ते वृत्त सांगत नाही. इथे तुमच्या सरांचं वाक्य थोडं दुरुस्त करते: मोडतं तिथे अर्थ नसतो, मोडतं तिथे बोट असतं. काय दाखवलंय ते शब्दांवरून ठरवायचं. उलटा फूट म्हणजे राग, दोन जड शब्द म्हणजे दुःख, असा कोश कुठेही नाही. हाच उलथा दुसऱ्या कवितेत उडी मारणाऱ्या घोड्यासाठी येऊ शकतो.

आता शेवटाकडे, तेरावी ओळ.

अँड न | थिंग गेन्स्ट | टाइम्स साइद | कॅन मेक | डिफेन्स

काळाच्या विळ्यापुढे कशाचीच ढाल चालत नाही. तिसऱ्या फुटात पुन्हा तेच वजन: 'गेन्स्ट', 'टाइम्स', 'साइद', तीन जड एकापाठोपाठ, आणि तेही व्यंजनांनी गच्च भरलेले. 'गेन्स्ट टाइम्स साइद' पटकन म्हणून पाहा, जिभेला जमत नाही. पण मला दाखवायचंय ते आणखी बारीक आहे. 'टाइम' हा शब्द या कवितेत तीनदा येतो. पहिल्या ओळीत शेवटच्या फुटाच्या जोराच्या जागी, जिथे तो शोभतो. दहाव्या ओळीत चौथ्या फुटाच्या जोराच्या जागी. आणि तेराव्या ओळीत, जिथे तो माणसासारखा विळा घेऊन उभा राहतो, तिथे कवीने त्याला हलक्या जागी बसवलंय. साचा म्हणतो 'हा शब्द हलका म्हण'. तो हलका म्हणता येत नाही. हलक्या खुर्चीवर जड माणूस बसला की खुर्ची करकरते, ती करकर इथे ऐकू येते. तरी फूट मोडलेला नाही, 'साइद' वर चढण आहेच. म्हणजे इथे खूण आहे आणि भंग नाही. फक्त उलटे फूट शोधत फिरणाऱ्याला ही जागा कधीच सापडत नाही.

चौदावी ओळ पुन्हा पहिलीसारखी सरळ चालते. घड्याळ परत सुरू.

चौदाही ओळी जोराच्या सिलॅबलवर संपतात हेही पाहून ठेवा. शेवटी एक हलका सिलॅबल जास्तीचा येणं, ज्याला फेमिनिन एंडिंग म्हणतात, ही दुसरी नेहमीची सवलत. 'टु बी, ऑर नॉट टु बी' ही सगळ्यांना पाठ असलेली ओळ 'क्वेश्चन' वर संपते आणि अकरा सिलॅबलची आहे. नाटकांत अशा ओळी इतक्या आहेत की एकट्या ओळीवरून काही म्हणू नये. पण विसाव्या सॉनेटच्या चौदाही ओळी अशाच संपतात, आणि विषय आहे स्त्रीचा चेहरा लाभलेल्या पुरुषाचा. तिथे बोलायला जागा आहे. ('फेमिनिन' हे नाव त्यावरून पडलं नाही, फ्रेंच व्याकरणातून आलं. हा गैरसमज दर वर्षी एखादा तरी शोधून काढतो.)

साचा पूर्ण उलटा केलेली ओळ पाहायची असेल तर 'किंग लिअर' च्या शेवटी जा. मेलेली कॉर्डिलिया हातात घेऊन म्हातारा म्हणतो, तू परत येणार नाहीस, आणि मग:

नेव्हर, नेव्हर, नेव्हर, नेव्हर, नेव्हर!

पाच फूट, पाचही उलटे. दहा सिलॅबल मात्र बरोबर दहा. इथे गंमत अशी की १६०८ च्या छापील प्रतीत हा शब्द तीनदाच आहे. १६२३ च्या फोलिओत पाचदा. तीन 'नेव्हर' म्हणजे दुःखाने केलेली पुनरुक्ती, ती गद्यातही चालली असती. पाच झाले की ती पेंटामीटरची ओळ होते, आणि तेव्हाच कानाला कळतं की दोन-अडीच तास चाललेला ठेका पूर्णपणे उलटा फिरलाय. मोजणी शाबूत, दिशा उलटी. चार असते किंवा सहा असते तर आक्रोश तोच राहिला असता, पण 'वृत्त उलटलं' असं म्हणता आलं नसतं. भंग दिसायला काहीतरी न मोडलेलं उरावं लागतं. इथे आकडा उरलाय.

आपल्याकडच्या सवयीने पाहिलं तर हे विचित्र वाटतं, मान्य. अक्षरगणवृत्तात एक गुरू चुकला तर तो दोष, कवीची फजिती. यतिभंगाला तर नावच दोषाचं आहे. तिथे प्रत्येक जागा बांधलेली, फक्त चरणाच्या शेवटच्या अक्षराला थोडी मोकळीक. पेंटामीटरमध्ये साचा कागदावर नसतो, कानात असतो, आणि ओळ त्याच्याशी कमीजास्त जुळत राहते. म्हणून तुम्ही खुणा करताना 'बरोबर की चूक' असं विचारलंत तर निम्म्या ओळी चुकीच्याच वाटणार. 'किती दूर गेली, कुठे गेली, आणि उसंत होती का' असं विचारा.

प्रत्यक्ष बसाल तेव्हा क्रम असा ठेवा. कविता एकदा मोठ्याने, गद्यासारखी, अर्थ कळेल अशी वाचा. मग सिलॅबल मोजा आणि दहा भरत नसतील तर उच्चार तपासा. मग शब्दकोशातून आघात. मग फुटांच्या रेघा. मग सवलती ओळखून फिक्या पेन्सिलने कडेला टाका. उरलेल्या जागांना गोल करा आणि शेवटी प्रत्येक गोलाला विचारा: ही ओळ नैसर्गिक बोलण्याला धक्का न लावता साच्यात बसवून वाचता येते का? येत असेल तर गोल पुसा.

हे सगळं करूनही एखादी जागा सुटत नाही. याच सॉनेटची नववी ओळ घ्या, 'देन ऑफ दाय ब्यूटी डू आय क्वेश्चन मेक'. इथून कवी निसर्गाकडून त्या तरुणाकडे वळतो. पहिल्या फुटात जोर 'देन' वर द्यायचा की 'ऑफ' वर? 'देन' वर दिला तर वळण ठसठशीत होतं आणि तो स्वस्तातला, पहिल्या फुटातला उलथा ठरतो. दोन्ही हलके ठेवले तर ओळ घसरत 'ब्यूटी' वर येते आणि 'दाय' ला किंचित धार येते: आता तुझ्या सौंदर्याचं काय? माझ्या जुन्या प्रतीत त्या जागी खूण दोनदा खोडून केलेली आहे आणि कागद तिथे पातळ झालाय. सध्या 'देन' वर आहे.